आधी सुई, मग सूड

कोपऱ्यावरच्या वजनकाटे दुरुस्तीच्या दुकानाची पाटी नीट पाहिली, तर शेवटच्या अक्षराचा रंग बाकीच्यांपेक्षा उजळ दिसतो. वरच्या ओळीत वडिलांचं नाव, खालच्या ओळीत ‘आणि मुलगा’. वडिलांनी लिहून घेतलं होतं ते ‘आणि मुलं’. ते गेल्यावर थोरल्याने रंगाऱ्याला बोलावलं. रंगाऱ्याने ‘मुलं’वरचं टिंब खरवडलं, पुढे एक ‘गा’ बसवला आणि एका दुपारच्या कामात धाकटी बहीण धंद्यातून बाद झाली.

दोघांना काम वडिलांनीच शिकवलं होतं, आणि हात धाकटीचा चांगला होता. दादाने दुकान स्वतःच्या नावावर करताना सगळ्यांना सांगितलं की हिला यातलं काही येत नाही, ही नुसती पितळी वजनं पुसायची. ती भांडली नाही. मागच्याच गल्लीत तिने एक खोली घेतली, दारात टेबल टाकलं आणि काटे दुरुस्त करायला बसली. दादाच्या दुकानातून दुरुस्त होऊन गेलेला काटा पुन्हा बिघडला की गिऱ्हाईक तिच्याकडे येई. ती काटा खोलायची, आत बघायची आणि म्हणायची, “आमच्या दादाचं काम दिसतंय.” एवढंच. पण हे ती सव्वीस वर्षं म्हणत आली होती, आणि बाजारात तिला लोक काटेवाली म्हणत, ते काही फक्त कामामुळे नव्हे.

दादाच्या किडन्या गेल्याची बातमी तिला वहिनीने दिली. आठवड्यातून तीनदा डायलिसिस, पाणीसुद्धा मोजून. वहिनीला मधुमेह, मुलाला रक्तदाबाच्या गोळ्या. दोघांनाही डॉक्टरांनी बाजूला काढलं होतं. वहिनी काही मागायला आली नव्हती, नुसती रडायला आली होती. धाकटीने हातातला पेचकस खाली ठेवला आणि विचारलं, माझी चालेल का?

चालली. रक्तगट जुळला, बाकीच्या तपासण्याही जुळल्या. रुग्णालयात अशा दात्याला एकटं बसवून विचारतात की घरच्यांचा दबाव आहे का, काही मोबदला ठरलाय का. शेवटच्या क्षणी नको वाटलं तरी माघार घेता येते आणि माघारीचं कारण घरच्यांना कळू देत नाहीत, हेही सांगतात. समुपदेशक बाईंनी तिला विचारलं, भावावर प्रेम आहे म्हणून देताय ना?

“प्रेमाने नाही,” ती म्हणाली. “स्वखुशीने देते.”

बाईंना हे नवीन होतं. त्यांनी पुन्हा वेगवेगळ्या रीतीने विचारलं. तिने सरळ सांगितलं. तो मेला तर लोक त्याला चांगला म्हणतील, मेलेल्याला सगळेच म्हणतात. तो जगायला हवा, आणि माझ्यामुळे जगायला हवा. मला त्याच्याकडून काहीही नको, कारण काही घेतलं की फिटतं.  बाईंनी तिला आणखी दोनदा बोलावून, वेगळ्या डॉक्टरांसमोर बसवून, ती कोणाच्या सांगण्यावरून आलेली नाही याची खात्री करून घेतली. तशी ती आलेली नव्हतीच.

गाडी अडली ती लशींवर.

प्रत्यारोपणाआधी रुग्णाच्या लशी पूर्ण करतात. काविळीची, म्हणजे हिपॅटायटिस बीची लस दादाला डायलिसिस सुरू झाल्यापासूनच दुप्पट मात्रेत देत होते, आणि रक्तात तिचा परिणाम उतरल्याचं तपासूनही झालं होतं. न्युमोनियाची आणि फ्लूची सुई राहिली होती, ती त्याच आठवड्यात दिली. गोवराची प्रतिकारशक्ती लहानपणच्या आजारातून आलेली निघाली. मग समन्वयक बाईंनी विचारलं, कांजिण्या झाल्या होत्या का?

दादा खुलला. हा किस्सा तो लग्नाकार्यात नेहमी सांगायचा. सात-आठ वर्षांचा असताना अंगभर फोड आले, मागच्या खोलीत एकटं ठेवलं, खाजवू नये म्हणून आईने हातांना मोजे बांधले, आणि ताट दाराच्या फटीतून आत सरकवायची. मोजे दातांनी सोडवून खाजवलं म्हणून आईने पाठीत धपाटा घातला, इथपर्यंत त्याला सगळं आठवत होतं.

शेजारच्या खुर्चीवर बसलेली धाकटी म्हणाली, “ती मी होते.”

दादा हसला. ही तेव्हा दुधपिती होती, असं बाईंना सांगू लागला. धाकटीने कपाळावरचे केस मागे सारले. भुवईवर मसुराएवढा खळगा होता. मोजे माझ्या हातांना होते, ती म्हणाली. तुला दुसऱ्या दिवशीच मावशीकडे धाडलं, लागू नये म्हणून. तू महिनाभर मजा करून आलास. बाईंनी वाद मिटवायचा प्रयत्न केला नाही. त्या म्हणाल्या, आठवणीवर आम्ही जातच नाही. रक्त बघू.

रक्ताने धाकटीची बाजू घेतली. तिच्यात कांजिण्यांची प्रतिपिंडं होती, दादात नव्हती. तिने बाईंना निष्कर्ष पुन्हा एकदा मोठ्याने वाचायला लावला. दुकान ढापलंस ते कळतं, बाहेर आल्यावर ती दादाला म्हणाली, पण माझा आजारसुद्धा?

आता कांजिण्यांच्या लशीचे दोन डोस आले. पहिला, मग किमान चार आठवड्यांनी दुसरा, आणि त्यानंतर आणखी निदान चार आठवडे शस्त्रक्रिया नाही. डॉक्टरांनी कारण समजावलं. नवी किडनी शरीराला परकी वाटते. शरीराने तिच्यावर हल्ला करू नये म्हणून प्रतिकारशक्तीला जन्मभर औषधांनी गुंगीत ठेवावं लागतं. गुंगीतल्या पहारेकऱ्याला नवं काही शिकवता येत नाही. म्हणून फ्लूसारख्या मृत जंतूंच्या लशीही निदान दोन आठवडे आधी दिलेल्या बऱ्या. नंतर दिल्या तर धोका नसतो, पण गुण कमी येतो. कांजिण्यांची लस मात्र जिवंत असते, दुबळ्या केलेल्या जंतूंची. पहारेकरी जागा असताना तो त्या जंतूला ओळखून घेतो आणि निपटून काढतो. तो गुंगीत असला तर तोच दुबळा जंतू अंगभर पसरू शकतो. म्हणून ही लस प्रत्यारोपणानंतर देत नाहीत. जे करायचं ते आधी, आणि निस्तरायला शरीराला वेळ देऊन.

पहिली सुई दादाने निमूट घेतली. पण दिवस सरेनात. डायलिसिसनंतर त्याला पायऱ्या चढवत नसत. कोणीतरी त्याला दुसऱ्या एका दवाखान्याचं नाव सांगितलं. तिथे हा लशींचा जाच नव्हता म्हणे, पंधरवड्यात टेबलावर घेत होते. दादाने मुलाकरवी तिथे बोलणी केली आणि मग वहिनीला घेऊन मागच्या गल्लीत आला. धाकटीच्या दारात तो सव्वीस वर्षांत प्रथमच उभा राहिला.

तिने त्याला स्टूल दिलं आणि हातातलं काम चालू ठेवलं. टेबलावर सोनाराचा छोटा काटा होता.

तो म्हणाला की डोस राहिला तर राहिला, या वयात कोणाला कांजिण्या होतात. वहिनी म्हणाली, वन्सं, यांचे हाल बघवत नाहीत हो. धाकटीने दोघांचं ऐकून घेतलं आणि नाही म्हणाली. दुसऱ्या दवाखान्यात ती येणार नव्हती.

“धाकटे, तुला मला तरसवायचंय,” दादा म्हणाला.

“ते तर आहेच. पण तेवढ्यासाठी मी डॉक्टरांना फितवलेलं नाही.”

“मी मेलो मधल्यामध्ये, तर?”

“डॉक्टरांना मी तेच विचारून आले. डायलिसिसवर तू आहेस तसा टिकशील म्हणाले. घाई असती तर त्यांनीच सांगितलं असतं.” तिने काट्याची दोन्ही पारडी रिकामी केली. “बाबा काय सांगायचे? काटा आधी शून्यावर आणायचा, मग माल ठेवायचा. माल ठेवून शून्य लावलं की काटा जन्मभर खोटं बोलतो. तू नेहमी तेच केलंस. माझ्या किडनीवर नाही करायचं.”

दादा उठला. दारात थांबून म्हणाला की त्याला तिची किडनी नकोच. ती म्हणाली, नको तर नको, पण सुई चुकवू नकोस. वहिनीने त्याला घरी नेलं.  दुसऱ्या डोसच्या दिवशी मात्र तो रांगेत होता. दोन खुर्च्या सोडून धाकटीही बसली होती, त्याचा दंड पुढे होतो की नाही ते बघायला.

चार आठवडे गेले. रक्तात प्रतिपिंडं आल्याचं दिसलं आणि शस्त्रक्रिया झाली. किडनी टेबलावरच काम करू लागली. घरी जाताना समन्वयक बाईंनी बजावलं की नातवाच्या लशी राहिल्या असतील तर पूर्ण करा, घरातल्यांची लसही रुग्णाची ढाल असते. मुलगा हो म्हणाला आणि नंतर बघू म्हणाला.

दोन महिन्यांनी, दादाच्या औषधांच्या मात्रा अजून चढ्या असताना, नातू सबंध संध्याकाळ त्याच्या मांडीवर लोळला. सकाळी नातवाच्या पोटावर पाण्याचे फोड होते.

वहिनीने आधी रुग्णालयाला फोन केला आणि मग धाकटीला. दादाला वेगळ्या दाराने आत घेतलं, तपासलं, खबरदारीच्या गोळ्या दिल्या आणि तीन आठवडे नजरेखाली ठेवलं. डॉक्टरांनी मुलाला बाजूला घेऊन सांगितलं की गुंगीतल्या शरीरात कांजिण्या कातडीवर थांबत नाहीत, फुप्फुसात आणि यकृतात उतरतात. अंगात लस नसती तर आपण वेगळं बोलत असतो. मुलाने हे घरी येऊन जसंच्या तसं सांगितलं. तीन आठवडे दादा रोज सकाळी आरशासमोर सदरा काढून उभा राहायचा. एकही फोड आला नाही.

त्यानंतरच्या सोमवारी तो तोंडाला मास्क लावून मागच्या गल्लीत आला. यावेळी एकटा. स्टुलावर बसला आणि बराच वेळ टेबलावरची वजनं बघत राहिला. तू अडून बसली नसतीस तर, असं त्याने दोनदा सुरू केलं आणि दोनदा सोडून दिलं.

“रंगाऱ्याला सांगितलंय,” शेवटी तो म्हणाला. “‘गा’ पुसतो. टिंब परत लावतो.”

धाकटीने पेचकस ठेवला. या वाक्याची तिने सव्वीस वर्षं वाट पाहिली होती, आणि ते आल्यावर काय म्हणायचं हे तिचं ठरलेलं होतं.

“नको,” ती म्हणाली. “राहू दे तसंच. रोज सकाळी शटर वर करताना वाचत जा.”

 उठताना दादाचा हात नकळत पोटाच्या उजव्या बाजूला गेला, जिथे ती किडनी बसवली होती. ते तिने पाहिलं.

“आणि गोळ्या वेळेवर घे, दादा,” ती म्हणाली. “माझा माल आहे तो.”

पाटी अजून तशीच आहे. दादा मध्यंतरी रंगाऱ्याला दोनदा शिडीपर्यंत घेऊन आला होता. दोन्ही वेळा धाकटीने त्याला परत पाठवलं.