लाजपत नगरनंतरचा हात

सुरुवातीलाच सांगते, मी सायन्सची स्टुडंट आहे. भुताखेतांच्या गोष्टी कोणी सुरू केल्या की मी मोबाईल काढून बसते. पण हे माझ्याच बाबतीत झालं... म्हणून लिहितेय.

आम्ही दिल्लीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टर्समध्ये राहतो. आई केंद्र सरकारच्या ऑफिसात आहे. माझं कॉलेज ग्रेटर नोएडाला, म्हणजे तीन मेट्रो बदलून जवळजवळ दोन तासांचा प्रवास. गेल्या वर्षी एकदा मेट्रोतच अचानक छाती धडधडायला लागली, हात थरथरले, वाटलं आता मरणार. डॉक्टरांनी ईसीजी, थायरॉईड सगळं बघितलं. नॉर्मल. तो पॅनिक अटॅक होता. मग तो परत परत यायला लागला आणि मी दरवेळी पुढच्या स्टेशनवर उतरून घरी पळायचे. हळूहळू माझं कॉलेजला जाणंच बंद झालं.

कॉलेजच्या काउन्सेलर मॅडमनी मला समजावलं. "शरीराने खोटा अलार्म वाजवलाय, बस. अ‍ॅड्रेनलिनमुळे हार्ट धावतं. भराभर श्वास घेतलास की रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यानेच बोटांना मुंग्या येतात, गरगरतं. ही लाट आहे. काही मिनिटांत वर चढते आणि आपोआप उतरते. पण तू चढतीलाच पळालीस तर मेंदू शिकतो, पळाले म्हणून वाचले. पुढच्या वेळी तो आणखी जोरात घाबरवणार."

"मग करू काय?"

"काहीच नाही. येऊ दे तिला. फक्त श्वास सोडताना लांब सोड. आणि उतरू नकोस."

प्रोजेक्टच्या व्हायव्हाचा, म्हणजे तोंडी परीक्षेचा दिवस आला. तो चुकला असता तर वर्ष गेलं असतं. सकाळी आई म्हणाली, "मी येऊ का सोबत?" मी म्हटलं, "नको. आणि फोनही करू नकोस, प्लीज." मला वाटेत सारखा आईला फोन करायची सवय लागली होती, मॅडमनी तीही सोडायला सांगितली होती. आईने मान डोलावली, पण तिचा चेहरा एवढुसा झाला होता.

लेडीज डब्यात अगदी टोकाच्या भिंतीला पाठ टेकून मी उभी राहिले. साउथ एक्स्टेन्शन गेलं आणि सुरू झालं. छातीत ढोल. बोटं बधिर. लाजपत नगर आलं, दारं उघडली. चार पावलांवर प्लॅटफॉर्म! सगळं शरीर ओरडत होतं, उतर... उतर...

मी मनात म्हणत राहिले, ही धडधड आहे. या मुंग्या आहेत. ही भीती आहे, धोका नाही. ओठांचा चंबू करून हळूहळू श्वास सोडला. दारं बंद झाली.

मग ती लाट खरी चढली. घाम फुटला, डबा लांब लांब जायला लागला. मी तिच्याशी भांडणं सोडून दिलं. म्हटलं, ये, किती येतेस ते ये.

आणि तेव्हाच... माझ्या पाठीवर, दोन खांद्यांच्या मधोमध, कोणीतरी हात ठेवला. उबदार, पूर्ण तळवा. हळूहळू थोपटायला लागला. दोन थापा, जरा थांबणं, मग एक. माझा श्वास त्या तालावर लांबत गेला.

पण माझ्या पाठीशी भिंत होती! मी टेकून उभी होते. मान वळवून बघितलं, तर मागे केसालाही जागा नाही. थोपटणं चालूच होतं. विश्वास ठेवा, भीती नाही वाटली. उलट रडू आलं.

आश्रम स्टेशन गेलं. मेट्रो बोगद्यातून वर उजेडात आली. धडधड उतरत गेली, मुंग्या गेल्या. यमुनेच्या पुलावर पोचेपर्यंत पाठीवर काहीच उरलं नव्हतं. व्हायव्हा ठीकठाक झाला. परत येताना एक छोटी लाट आली. तेव्हा हात नव्हता. तीही चढली आणि उतरली.

घरी आले. मी काही सांगायच्या आधीच आई म्हणाली, "अगं, आज ऑफिसमध्ये काय गंमत झाली! चहा आला, मी फाईल समोर घेतली आणि कधी ती थोपटायला लागले, कळलंच नाही. हात थांबेचना यार. शेवटी शेजारच्या टेबलावरचे शर्माजी म्हणाले, 'मॅडम, फाइल को सुला रही हैं क्या?'"

मी विचारलं, कधी? सकाळच्या चहाला, आई म्हणाली. तो येतो साधारण माझी मेट्रो लाजपत नगरहून निघाली त्याच सुमाराला.

नंतर मी सगळं सांगितलं तेव्हा काउन्सेलर मॅडम म्हणाल्या, "पॅनिकमध्ये शरीराला चित्रविचित्र जाणवू शकतं. आणि लाट तू स्वतः पार केलीस, हे विसरू नकोस." बिल्कुल मान्य. आईला माझी काळजी होती, म्हणून तिचा हात चालला असेल, हेही मान्य. पण दोन्ही एकाच वेळी?

त्या संध्याकाळी मी आईला फक्त एवढंच म्हटलं, "कशी थोपटत होतीस, दाखव ना." आणि तिच्याकडे पाठ करून बसले.

दोन थापा. जरा थांबणं. मग एक.