सहा आखूड रिव्हेट

कुवेतमधल्या शुवैखच्या औद्योगिक भागात आमचा वर्कशॉप आहे. पुढे गाड्यांचे सायलेन्सर, मागे पत्र्याचं काम, आणि त्याच्याही मागे आम्ही दोघं तांबट, मी आणि माझे दाजी. दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे यजमान. पंचवीस वर्षं ते कुवेतमध्ये होते. मला इथे आणलं त्यांनीच, व्हिसासाठी मालकाच्या पाठी लागले तेही तेच. आमचं मूळ घर पुण्यातल्या तांबट आळीतलं. वडिलांच्या हाताखाली मी बंब आणि घंगाळी ठोकली होती, त्यामुळे इथे येताना आपल्याला सगळं येतं अशी माझी खात्री होती. सगळं येतं म्हणणाऱ्याइतका धोकादायक माणूस कारखान्यात दुसरा नसतो.

त्या आठवड्यात रुमैथिया वस्तीतल्या एका घरातून मोठं तांब्याचं जिदर दुरुस्तीला आलं. जिदर म्हणजे इथलं लग्नकार्यातलं पातेलं. हे तर एवढं मोठं की आडवं केलं तर दाजी खांद्यापर्यंत आत जायचे. त्याला चार कान, प्रत्येक कानात एक कडी. दोन कड्यांतून एक बांबू आणि समोरच्या दोन कड्यांतून दुसरा असे बांबू घालून चार माणसं ते उकळतं भांडं चुलीवरून उचलतात. त्यातला एक कान तुटला होता. शुक्रवारी त्या घरी मोठं जेवण होतं, म्हणून गुरुवारी दुपारी ते परत हवं होतं. आमच्या मालकानं पितळेचा नवा कान ओतून आणला आणि बजावलं की बाकीच्या कानांवर गोल डोक्याचे रिव्हेट आहेत, नवे तस्सेच दिसले पाहिजेत. त्यासाठी त्यानं नवा स्नॅपही दिला. स्नॅप म्हणजे टोकाला वाटीसारखा खड्डा असलेला पोलादी ठोकणा, तो रिव्हेटच्या डोक्याला गोल आकार देतो.

आमच्या आळीत रिव्हेटचं डोकं हातोडीनं चपटं बसवायची पद्धत. वडिलांचा नियम होता, दोन्ही पत्र्यांची जाडी धरायची आणि वर रिव्हेटच्या अंगाएवढा, म्हणजे त्याच्या जाडीएवढा, दांडा बाहेर ठेवायचा. चपट्या डोक्याला तेवढं पुरतं. गोल डोक्याला पुरत नाही, तिथे अंगाच्या दीडपट लागतो, कारण स्नॅपची वाटी भरायला माल हवा. हे मला ठाऊक नव्हतं असं नाही. पण हात सवयीचा गुलाम. भांड्याचा पत्रा दोन मिलिमीटर, कान सहा, आणि रिव्हेट आठाचा. मी आठात आठ मिळवले आणि सहाच्या सहा रिव्हेट सोळावर कापले. वीसवर कापायला हवे होते. कापताना दाजींशी भारत-पाकिस्तान मॅचवरून वाद घालत होतो, तेवढंच आठवतं.

कापलेले रिव्हेट मी लाल तापवून पाण्यात टाकले. तांबं असं केल्यानं मऊ होतं. मग दाजी आत गेले. रिव्हेट आतून घातला की तयार डोक्यामागे डॉली धरायची, म्हणजे एक जाड पोलादी ठोकळा, ज्याला त्या डोक्याच्या मापाचा खळगा असतो. बाहेरून मी ठोकतो ते डॉली आतून झेलते. डॉली उडाली तर दांडा भोकात फुगत नाही आणि काम वाया जातं. दाजींची डॉली कधी उडत नसे. आत अंधार, आवाज असा की कान फाटतील, तरी त्यांचं मनगट दगड. आधी पत्रे दाबून घेतले, मग सरळ घाव, मग हातोडीच्या गोल तोंडानं कडेकडेनं, आणि शेवटी स्नॅप.

पहिल्याच रिव्हेटला स्नॅप काहीतरी वेगळंच बोलला. वाटी भरायच्या आत तिची कड पितळेवर आदळली आणि खणकन वाजलं. उचलून पाहिलं तर डोक्याभोवती बारीक वर्तुळ उमटलेलं, कापल्यासारखं, आणि डोकं ठेंगणं. ही आखूड रिव्हेटची सही असते. कुठल्याही तांबटानं बघितलं की कळतं. मला कळलं.  आणि तरीही मी उरलेले पाच तसेच ठोकले, कारण आता थांबलो तर दाजी विचारणार, आणि नवीन रिव्हेट गोदामातून मागवायला अर्धा दिवस जाणार. मनाला समजावलं, सहा आहेत, सगळे एकदम थोडेच जाणार आहेत.

आतून दाजींनी विचारलं की बसले का नीट. मी हो म्हटलं. मग ते बाहेर येऊन पुन्हा भांड्याच्या तोंडातून हात घालून आतल्या डोक्यांवर बोट ठेवत गेले आणि मला बाहेरून टिचकी मारायला सांगितलं. ढिला रिव्हेट बोटाला थरथरतो. थंड असताना सगळे गप्प राहिले. त्यांची पाठ वळली तसा मी पॉलिशचा बफ घेतला आणि ती सहाही वर्तुळं घासून टाकली. हे मी मुद्दाम केलं. चुकून झालं असतं तर आज एवढं जिव्हारी लागलं नसतं. दाजी वळून आले तेव्हा कान सोन्यासारखा चमकत होता. ते म्हणाले, सासऱ्यांचं नाव काढलंस. मी हसलो. निर्लज्जपणाची कमाल.

गुरुवारी दाजींनी आतून कल्हई केली, आणि ती करताना भांडं चांगलं तापलं. दुपारी गाडीत चढवताना मी हात लावायला गेलो नाही, लांबूनच पाहत राहिलो. त्या दिवशी बाहेर धूळ उठली होती. आभाळ पिवळं पडलं होतं आणि समोरचं दुकानही धूसर दिसत होतं. घरी जेवताना मला चार माणसं दिसत राहिली, खांद्यावर बांबू घेतलेली. खालून वाफ, आणि आत मटणाचा उकळता रस्सा. खाई त्याला खवखवे म्हणतात ना, तसलं ते.

शुक्रवारी सकाळी मी दाजींच्या खोलीवर गेलो, ते चहा करत होते. मी म्हटलं, "दाजी, ते रिव्हेट आखूड होते. वर्तुळ उमटलं होतं. मी घासून टाकलं."

त्यांनी लगेच गॅस बंद केला, चहा तसाच पातेल्यात राहिला, आणि गाडीची किल्ली घेतली. रुमैथियाचा रस्ता धरला. मी मधे एकदा म्हणालो की सहा आहेत, टिकतील. त्यांनी गाडीचा वेग वाढवला.

घराच्या मागच्या अंगणात गॅसची चूल पेटलेली होती. जिदर भरलेलं, तांदूळ-मटण रटरटत होतं, आणि आचारी झारा घेऊन बांबू आणायला सांगत होता. आचारी म्हातारा इराणी. त्याच्या मागे बांबू घेऊन चार माणसं निघालीही होती. आमचा कान पलीकडच्या बाजूला होता, त्याच्या खालच्या रिव्हेटपाशी पाण्याचा थेंब फुटून बसलेला. फुटत होता, वाळत होता, परत फुटत होता.  दाजी चक्क मधे जाऊन उभे राहिले आणि हिंदी-अरबी मिसळून म्हणाले की गॅस बंद करा, उचलू नका, झाऱ्यानं काढून घ्या. आचारी चिडला. पाहुणे यायला लागलेत, एवढं मोठं भांडं झाऱ्यानं रिकामं करायचं म्हणजे काय थट्टा आहे का, असं त्याचं म्हणणं. आरडाओरडा ऐकून घरातले वडीलधारे गृहस्थ बाहेर आले. त्यांनी शांतपणे विचारलं, काय झालं.

दाजींनी त्यांच्याकडे पाहत सांगितलं, "काम खराब झालंय. चूक माझी आहे, मीच केलंय."

मी शेजारी उभा होतो. बोलायचं होतं. गाडीतून उतरताना दाजींनी माझा दंड धरून एवढंच म्हटलं होतं, "तू आत गप्प राहायचं. तुझी पोरगी आता शाळेत गेलीय." म्हणून मी गप्प राहिलो, असं मी लोकांना सांगत आलो. खरं म्हणजे मला भीती वाटत होती. बायको-मुलगी इथे, इकामा, म्हणजे इथे राहायचा परवाना, मालकाच्या हातात, आणि दाजींनी सोपं करून दिलं ते मी घेतलं.

त्या गृहस्थांनी एक क्षण पाहिलं आणि झाऱ्यानं काढायला सांगितलं. तासभर गेला. जेवण दुसऱ्या भांड्यांतून वाढलं गेलं, पाहुण्यांना काही कळलं नाही. जिदर रिकामं झाल्यावर दाजींनी आमच्या कानाच्या कडीत लोखंडी बार घातला आणि नुसता वर ओढला. फार जोर लावला नव्हता, मी पाहत होतो. वरच्या बाजूचे तीन रिव्हेट डोकी सोडून निघाले, बटणं तुटावीत तसे. ती डोकी फरशीवर घरंगळत गेली. कान लोंबकळायला लागला. आचारी दोन पावलं मागे सरकला आणि मग बराच वेळ त्या चार माणसांकडे बघत राहिला.  

शनिवारी मालकानं दाजींना ऑफिसात बोलावलं. पंचवीस वर्षांचा माणूस दहा मिनिटांत बाहेर आला. म्हणाले, फायनल. म्हणजे व्हिसा रद्द, हिशोब आणि तिकीट. मी मालकाकडे जातो म्हणालो, तर दाजी म्हणाले की आता गेलास तर दोघांचं तिकीट निघेल, त्यानं माझं काही परत येणार नाही. मीही गेलो नाही. खरंच गेलो नाही. विमानतळावर त्यांनी मला नीट झोप, वेळेवर जेव असं सांगितलं, जणू मीच परगावी निघालो होतो.

महिनाभरानं बहिणीचा फोन आला. दाजी घरी बसून आहेत, म्हणाली, जास्त बोलत नाहीत, हाताची चूक मनाला लावून घेतलीय. वय झालं, नजर गेली असणार, तिकडे कुणी समजून घेतलं नाही. मग तिचा आवाज थोडा मऊ झाला.

"बरं झालं, त्या कामात तुझा हात नव्हता," ती म्हणाली. "तू तरी राहिलास."

मी म्हटलं, "हो, ताई."