इथेच राहिलेला सलिल

ठाण्याच्या एका करसल्लागार कचेरीत नीरजा टिपणीस एकोणीस वर्षं एकच काम इमानेइतबारे करत आल्या. कंपनीने परदेशी धाडलेला माणूस गेलाच नाही असं धरायचं आणि त्याचा इथला कर काढायचा. तेवढाच कर कंपनी त्याच्या पगारातून कापते, मग इथला-तिथला खरा कर तीच भरते. जाण्याने ना फायदा, ना तोटा.

म्युनिकला गेलेल्या सलिलचे कागद त्याची आई, वर्तकनगरच्या हेमाताई, आणून देत. पहिल्या वर्षी त्यांना हे काही केल्या उमजेना. शेवटी वैतागून नीरजाबाई म्हणाल्या, "समजा, तुमचा सलिल इथेच राहिलाय. त्याचा कर आम्ही काढतो!"

"इथेच," हेमाताई केवढ्या समाधानाने हसल्या होत्या.

यंदा त्यांनी वजावटीसाठी आरोग्य तपासणीची पावती दिली, सोबत रिपोर्ट. नाव सलिलचं, लॅब वर्तकनगरची, तारीख फेब्रुवारीची.

"अहो, तीन वर्षांत तो भारतात आलेला नाही!"

"तो नाही हो. इथे राहिलाय ना, तो. हल्ली जिना चढताना धाप लागते त्याला."

त्या गेल्यावर नीरजाबाईंनी म्युनिकला फोन लावला आणि सगळं सांगून टाकलं. आता हा भडकणार, पोलिसांत जा म्हणणार, असंच त्यांना वाटलं.

पण पलीकडून सलिलने हळूच विचारलं,

"बरा होईल ना तो? आईजवळ दुसरं कोणी नाही."