उणे सोळा

अमरावतीच्या इंजिनीअरिंग प्रवेशाच्या क्लासमधल्या पहिल्याच चाचणीत माझ्या नावापुढे उणे सोळा मार्क लागले होते. मी आधी तो रोल नंबरचा भाग समजले. तसं नव्हतं.

पेपर होता एकापेक्षा जास्त पर्याय बरोबर असू शकणाऱ्या आठ प्रश्नांचा. सगळे बरोबर पर्याय निवडले तर चार मार्क. काही राहून गेले, पण निवडलेले सगळे बरोबर असले, तर निवडले तितके मार्क. आणि एक जरी चुकीचा निवडला, तर बाकीचे कितीही बरोबर असोत, सरळ उणे दोन. मी आठही प्रश्नांत बरोबर पर्याय शोधले होते आणि आठही ठिकाणी वर एकेक फुकटचा जोडला होता. माझी रूममेट पोट दुखतं म्हणून कोरा पेपर देऊन गेली होती, तिला शून्य. म्हणजे झोपून राहिलेली बया माझ्या सोळा मार्क पुढे! मला इतका राग आला, की त्या दिवशी मी तिच्याशी बोललेच नाही. तिला बिचारीला कारणही कळलं नाही.

गणिताच्या सरांनी पेपर हातात धरून विचारलं, "काहून वं, हा चौथा पर्याय कायले निवडला?"

"सर, तीन बरोबर होते. मग हा एकटाच कसा सोडायचा?"

"हा काय भंडारा हाय का? सगळ्याइले वाढून राहिली!"

वर्ग खदाखदा हसला. पण सरांनी नेमकं दुखणं पकडलं होतं. दर्यापूरजवळच्या आमच्या गावात मी लहानपणापासून भंडाऱ्याच्या पंगतीत वाढलेलं आहे. पानावर बसलेल्याला टाळून पुढे गेलं तर लोक पिढ्यान्‌पिढ्या नावं ठेवतात. तीच सवय मी पेपरात आणली होती. एकटा राहिलेला पर्याय मला केविलवाणा दिसायचा.

हे सगळं हसण्यावारी गेलं असतं, पण बाबांनी अट घातली होती. दिवाळीआधी क्लासच्या पहिल्या, म्हणजे सगळ्यात हुशार मुलांच्या बॅचमध्ये बसलीस तर अमरावतीत राहा, नाहीतर घरी ये आणि दर्यापूरच्या कॉलेजात बी.एस्सी. कर. मला इंजिनीअरच व्हायचं होतं. बॅच ठरवणारी चाचणी महिन्यावर आली होती.

पुढच्या सरावात मी इतकी घाबरले, की आठही प्रश्नांत एकच खात्रीचा पर्याय निवडून बसले. आठ मार्क. सरांनी कपाळाला हात लावला. "आता एवढी कंजुषी!"

मग त्यांनी मला एक शिस्त लावली. चार पर्याय म्हणजे चार वेगळे प्रश्न समजायचे. शेजारच्या पर्यायाकडे बघायचंच नाही. किती बरोबर असतील याचा अंदाज बांधायचा नाही, एखादे वेळी एकच असतो, एखादे वेळी चारही. कच्च्या कागदावर प्रत्येकापुढे एका ओळीत कारण लिहायचं. कारण लिहिता आलं तरच निवडायचा. "आणि वाटते म्हून निवडशील तं मले सांगू नको," असंही बजावलं. महिनाभर मी कारणं लिहून लिहून रूममेटचं डोकं खाल्लं. ती म्हणायची, "जेवायले चाल म्हटलं तरी कारण मागते ही!"

चाचणीत शेवटचा प्रश्न आला. एक्स गुणिले एक्सचं निरपेक्ष मूल्य, असं फलन, म्हणजे फंक्शन. पहिला पर्याय, ते सगळीकडे सलग आहे. कारण लिहिलं. दुसरा, शून्यापाशी त्याचं विकलन, म्हणजे डिफरन्सिएशन, होतं. तेही लिहिलं. तिसरा, त्या विकलनातून आलेलं फलनही सगळीकडे सलग आहे. चौथा, शून्यापाशी दुसऱ्यांदाही विकलन होतं. या दोघांपाशी माझी पेन्सिल थांबली. दोन्ही बरोबर वाटत होते. हात शिवशिवत होता, माय! चारही निवडून मोकळं व्हावं, असं फार फार वाटलं. घड्याळात एक मिनिट उरलं होतं आणि कागदावर त्या दोघांपुढची जागा कोरी होती. मी रडकुंडीला येऊन पहिले दोनच ठेवले.

तिसरा बरोबर होता, चौथा चूक. मला दोन मार्क मिळाले. पहिल्या बॅचच्या यादीत शेवटचं नाव माझं होतं, आणि बाहेर राहिलेल्या मुलीला माझ्याहून एकच मार्क कमी होता. चारही निवडले असते तर उणे दोन, प्रश्न सोडला असता तरी शून्य.

नोटीस बोर्डासमोरूनच बाबांना फोन लावला आणि दोन मार्क, उणे दोन, एक मार्क असं सगळं एका दमात सांगून टाकलं.

"मले त्यातलं काई समजत नाई," बाबा म्हणाले. "तू घरी येतं का नाई, तेवढं सांग."

"नाही येत, बाबा."

"चांगलं झालं," बाबा म्हणाले, आणि फोन ठेवता ठेवता पुन्हा म्हणाले, "तुह्या मायनं तुही खोली झाडून ठेवली होती वं."