अकरा दिवस कुणाच्या ताब्यात

बारामतीच्या कोर्टात मी पंचवीस वर्षं वकिली करतोय, आणि त्यातली निम्मी तरी एकाच प्रश्नात गेली: जमीन कुणाच्या नावावर आहे ते राहू द्या, ताबा कुणाचा? बांध कोरणारे भाऊ, विहिरीवर पाळीसाठी भांडणाऱ्या जावा, पेरलं कुणी आणि कापलं कुणी. एवढीच माझी विद्वत्ता. तरीही थोरल्या बहिणीचा मुलगा भर समुद्रात अडकला तेव्हा सगळ्या घरानं माझ्याकडं पाहिलं. मी तोवर समुद्र एकदाच पाहिला होता, अलिबागला, पँट गुडघ्यापर्यंत दुमडून.

भाचा इंदापूर तालुक्यातल्या कळसचा. दाजींच्या घरात दोन पिढ्यांपूर्वीपर्यंत मेंढरं होती, आता ऊस आहे. भाच्यानं मात्र मालवाहू जहाजावर खलाशाची नोकरी धरली. जहाजावर झेंडा एका देशाचा, मालक दुसऱ्या देशाचा, आणि ते चाललं होतं तिसऱ्याच देशाला. कुठल्याच देशाच्या हद्दीत नसलेल्या पाण्यात युरोपातल्या एका देशाच्या नौदलानं त्याला गाठलं. मादक पदार्थ असल्याचा संशय होता. झेंड्याच्या देशाकडून चढायची परवानगी त्यांनी घेतली होती. बंदूकधारी सैनिक वर आले, सगळ्या खलाशांना जेवणाच्या खोलीत बसवलं आणि जहाज आपल्या बंदराकडं वळवलं. पोचायला अकरा दिवस लागले. बंदरात झडती झाली, मादक पदार्थ सापडले, जहाजावरच्या दोन अधिकाऱ्यांवर खटला चालला. भाचा काही महिने तिथल्या तुरुंगात होता. मग त्याच्याविरुद्ध काहीच नाही म्हणून न्यायाधीशानं त्याला सोडलं.

तो घरी आला, पण आला असं वाटेना. कळसच्या घरात कुणी खोलीचं दार लोटलं की हा उठून अंगणात जायचा. लोणी देवकरच्या एका कारखान्यात त्याला काम मिळालं. तिथं जेवणाच्या सुट्टीत सगळे कँटीनमध्ये आणि हा डबा घेऊन बाहेर उन्हात. तुरुंगाचं तो सांगायचा, हसून सांगायचा. त्या अकरा दिवसांचं विचारलं की गप्प.

त्याला कारण दाजी. पहिल्याच आठवड्यात चार माणसांत ते म्हणाले होते, "जहाजावरच हुतास की. नोकरीच तितं, जेवण तितं, झोप तितं. मग कोंडलं म्हंजी काय केलं?" माणसं हसली. भाच्याला उत्तर सुचलं नाही, आणि खरं सांगायचं तर मलाही सुचलं नाही.

उत्तर सुचलं ते त्या देशातल्या एका वकीलबाईला. बंदरात तिनंच त्याची बाजू मांडली होती. तिनं तिथल्याच कोर्टात सरकारविरुद्ध दावा घातला. तुरुंगातल्या महिन्यांना कायदा होता, न्यायाधीश होता, तारखा होत्या, असं तिचं म्हणणं. पण त्या अकरा दिवसांना काय होतं? किती दिवस ठेवायचं, कुणाच्या हुकमानं, कुठल्या कलमाखाली, काहीच लिहिलेलं नव्हतं. आणि युरोपातल्या देशांनी मानवी हक्कांचा जो करार केलाय, त्यात स्पष्ट कायद्याशिवाय कुणाचं स्वातंत्र्य काढून घेता येत नाही. आधी तिथल्या कोर्टात हे मांडायलाच हवं, नाहीतर करारानं नेमलेलं वरचं कोर्ट पुढं दारात उभं करणार नाही, हेही तिनं बजावलं.

व्हिडिओ कॉलवर मी तिला माझी पहिली शंका विचारली: आमचा देश त्या करारात नाही, मग आमच्या पोराला त्याचा काय उपयोग? ती म्हणाली, करारानं सही करणाऱ्या देशाचे हात बांधलेत. ते हात ज्याच्यावर पडतील त्याचं गाव करार विचारत नाही. मात्र एक अट आहे. तो माणूस त्या देशाच्या अधिकाराखाली असायला हवा. त्या देशाच्या भूमीवर असला तर प्रश्नच नाही. भूमीबाहेर असला तर अपवाद म्हणून सिद्ध करावं लागतं, की त्या देशाच्या माणसांनी त्याला खरोखर आपल्या पूर्ण ताब्यात घेतलं होतं.

ताबा हा शब्द ऐकला आणि मी खुर्चीत सरळ बसलो. हा तर माझाच मुलूख. नेमकी त्यातच मी घाण करून ठेवलेली होती, हे मला पुढच्या महिन्यात कळलं.

झालं असं. दाव्यासोबत भाच्याचं प्रतिज्ञापत्र हवं होतं. ते मी तयार केलं. माझ्या गुरूंची शिकवण अशी, की प्रतिज्ञापत्रात पक्षकार आधी सभ्य दिसला पाहिजे, हकीकत नंतर. भाच्यानं सांगितलं होतं की पहाऱ्यावरचा एक सैनिक चांगला होता, बिस्किटं द्यायचा. मी ते हातात घेतलं आणि वकिली इंग्रजीत सजवलं: आम्ही सर्वांनी राजीखुशीनं, कोणत्याही दबावाशिवाय नौदलाला संपूर्ण सहकार्य केलं व आम्हाला पाहुण्यासारखी वागणूक मिळाली. खाली नेहमीची ओळ: मजकूर वाचून दाखवला, समजला, मान्य आहे. वाचून दाखवलेला नव्हता. कोर्टाबाहेरच्या झाडाखाली, पुढच्या पक्षकाराचा पुकारा व्हायच्या आत, मी म्हणालो, "कर सही," आणि मामाच्या शब्दावर त्यानं केली.

सरकारी वकिलांनी उत्तरात नेमकं तेच वाक्य उचललं. समुद्र आमचा नाही, जहाजावर झेंडा आमचा नाही, आम्ही फक्त सोबत केली. खलाशी स्वेच्छेनं आले, हे अर्जदार स्वतःच शपथेवर सांगतो. मग ताबा कुठला, आणि ताबा नाही तर करार कुठला?

वकीलबाईनं ते वाक्य मला हळूहळू वाचून दाखवलं. ती रागावली नाही. तिनं एवढंच विचारलं, हे शब्द त्याचे आहेत का? मी खिडकीतून बाहेर पाहिलं. एस.टी. डेपोत एक गाडी मागं घेत होते आणि वाहक शिट्टी वाजवत होता. मला त्याचा फार हेवा वाटला.

सुटायची वाट एकच होती, असं ती म्हणाली. भाच्यानं दुसरं निवेदन द्यायचं, स्वतःच्या भाषेत, मग भाषांतर. पण नुसतं दुसरं दिलं तर तो शब्द फिरवतोय असं दिसेल. म्हणून मीही शपथेवर लिहायचं, की ते वाक्य माझं, आणि मी ते त्याला वाचून दाखवलं नव्हतं. म्हणजे पंचवीस वर्षांच्या वकिलानं स्वतःविरुद्ध साक्ष द्यायची. कुणी ती आमच्या बारच्या खोलीत आणून टाकली तर चहाबरोबर आठवडाभर चघळली जाईल. लिहिलं नाही, तर भाच्याचे अकरा दिवस माझ्या एका वाक्याखाली गाडले जातील. उलटतपासणीत मी कितीतरी जणांना अशा कोपऱ्यात धरलंय. आतून तो कोपरा किती अरुंद असतो ते तेव्हा समजलं.

आठ दिवस मी टाळलं. रविवारी कळसला गेलो, जेवणं झाली, आणि सगळ्यांसमोर कबूल केलं. बहीण ताट उचलून आत गेली. भाच्यानं विचारलं, "मामा, पाहुण्यासारखं? पाहुण्याला संडासला जायला हात वर करावा लागतो व्हय?"

मग तो बोलायला लागला. दारात दोन बंदुका. संडासला एकेकानं, मागं सैनिक. जहाजाचं चाक त्यांच्या माणसाच्या हातात. कप्तानानं दुसऱ्या दिवशी विचारलं की घरी कळवू का, तर बिनतारी यंत्राच्या खोलीलाच कुलूप. बिस्किटं देणाऱ्याला ह्यानं एकदा विचारलं, वर जाऊन वारा घेऊ का, तर तो खाली मान घालून नाही म्हणाला. हे सगळं तो जमिनीकडं बघून, एका सुरात सांगत होता. मी पहिल्यांदाच मध्ये न बोलता लिहून घेत होतो.

दाजी एवढा वेळ सुपारी कातरत होते. मी त्यांना सरकारचं म्हणणं सांगितलं, की जागा आमची नव्हती. ते म्हणाले, "ह्याला काय आर्थ हाय? आमचा म्हातारा लोकांच्या रानात मेंढरं बसवायचा. रान पाटलाचं, पर वाघर आमची." वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायचं जाळ्याचं कुंपण. "आत एक कोकरू मेलं तरी जाब म्हाताऱ्याला. रान कुणाचं, हे कुणी इचारलं न्हाय. ज्यानं वाघर लावली, त्यानं जाब द्यायचा."

बोलून झाल्यावर दाजींनाच कळलं की आपण काय बोललो. त्यांनी भाच्याकडं पाहून सुपारी पुढं केली, आणि त्यानं ती घेतली.

सोमवारी आम्ही दोन्ही निवेदनं केली. त्याचं मराठीत, त्याच्या शब्दांत. मी ते त्याला दोनदा वाचून दाखवलं, आणि दोन ठिकाणी त्यानं मला दुरुस्त केलं. माझं निवेदन सहा ओळींचं झालं. आयुष्यात मी इतकं आखूड काही लिहिलेलं नाही. ज्या नोटरी मित्रासमोर सही केली, त्यानं ते वाचलं, चष्मा काढला आणि विचारलं, "वकीलसाहेब, ताप वगैरे न्हाय ना?" नंतर सरकारी ठसे मारून घेऊन कागद रवाना केले.

कित्येक महिन्यांनी निकालाचा पहिला भाग आला. वकीलबाईनं फोनवर समजावला, मग मी भाषांतर करून कळसला नेलं. कोर्टानं म्हटलं होतं: सैनिक जहाजावर चढले त्या क्षणापासून बंदराला लागेपर्यंत जहाज आणि खलाशी सलग त्या देशाच्या पूर्ण ताब्यात होते. समुद्र कुणाचा आणि झेंडा कुणाचा, यानं त्यात फरक पडत नाही. म्हणून करार तिथं लागू होता. ते कोंडणं कायद्याला धरून होतं की नाही, हा पुढचा प्रश्न, त्याची सुनावणी वेगळी. सरकार अपिलात जाऊ शकतं. निकालात माझाही उल्लेख आहे: अर्जदाराचे मामा, व्यवसायानं वकील, यांचा खुलासा विश्वासार्ह वाटतो, निष्काळजीपणा मात्र नोंदवावा लागेल. परदेशी निकालात नाव नसलेला का होईना, आपला उल्लेख आलाय, हे मी बहिणीला ऐकवलं. ती म्हणाली, फ्रेम करून लाव.

भाच्यानं तो ताब्याचा परिच्छेद माझ्याकडून पुन्हा वाचून घेतला. दाजी शेजारीच बसले होते.

"म्हंजी मी कोंडलेला हुतो," तो म्हणाला.

"हुतास," दाजी माझ्या आधी बोलले.

"अकरा दिवस."

"कोर्टानंच लिवलंय की."

त्यानं त्या ओळीवर बोट ठेवलं. मग मला म्हणाला, "मामा, कोंडलं कवा ते लिवलंय. पर मी सुटलो कवा?"

तुरुंगातून सुटल्याची तारीख मला पाठ होती, पण ती सांगायला जीभ उचलेना. पुढच्या सुनावणीची तारीख अजून लागायची आहे, तेवढं मी त्याला सांगितलं.