गोदामाशिवाय गाड्या

पळस्प्याला गोदाम बांधायचं आणि तिथला माल पोचवायला गाड्या घ्यायच्या, याचं गणित कंपनीत मीच मांडलं होतं. कागदावर नुसतं गोदाम तोट्यात जात होतं. गाड्या फायद्यात होत्या, पण गोदाम झालं तरच. दोन्ही मिळून नफाच होता. तरी साहेब म्हणाले, “एका फाइलीत एकच प्रस्ताव.” माझी जीभ काही झडली नव्हती, पण मी मुकाट्याने दोन फायली केल्या. गोदाम नामंजूर झालं, गाड्या मंजूर झाल्या.

गाड्या आल्या, ड्रायव्हर नेमले गेले, आणि सहा महिने गाड्या धूळ खात उभ्या राहिल्या. मग ड्रायव्हरांना कामावरून काढल्याची पत्रं वाटायला मलाच धाडलं. एका म्हाताऱ्या ड्रायव्हरने विचारलं, “गोदाम नाय, तर गाड्या कशाला घेतल्या?”

गाड्यांच्या फाइलीत ‘गोदाम झाल्यास’ असं मी लिहिलं होतं. शेवटच्या पानावर, तळटीपेत.