पॉलिसी संपण्याआधीचे मोतीबिंदू

नाशिकमधल्या अंबडच्या औद्योगिक वसाहतीतला तो कारखाना आता बंद झाला, पण त्याच्या कँटीनमधला उकळून काळा झालेला चहा आणि मशिनच्या तेलाचा वास मला अजून जसाच्या तसा आठवतो. दोन हजार सालानंतरची ती वर्षं. मी विमा ब्रोकर होते. कारखान्याच्या वतीने विमा कंपन्यांकडून दर मागवायचे, त्यांच्याशी हुज्जत घालायची आणि शेवटी मालकांसाठी एक टिपण लिहायचं. "मराठीत लिहा, आणि दोन पानांच्या वर गेलं तर वाचणार नाही," असा त्यांचा दम असे. ते दिवस मला फार प्रिय आहेत.

त्या वर्षी कामगारांच्या आरोग्य विम्याचं नूतनीकरण एक एप्रिलला होतं आणि विमा कंपनीने प्रीमियममध्ये भरमसाट वाढ मागितली होती. मालक भडकले. "आम्ही प्रीमियम वेळेवर भरतो, तरी वाढ?"

मी टिपणात सोपं करून लिहिलं. कंपनीला शंभर रुपये प्रीमियम मिळाला आणि दाव्यांत सव्वाशे गेले. शिवाय त्या शंभरातूनच दावे तपासणाऱ्या संस्थेची फी, माझं कमिशन आणि कंपनीचा कारभार भागवायचा. पूर्वी आगीच्या विम्यातल्या नफ्यावर असा तोटा खपून जायचा. आता तिथले बांधून दिलेले दर मोकळे होऊन घसरल्यावर तो आधारही गेला. म्हणून वाढ मागणं चूक नव्हतं. मला ते लिहावं लागलं, आवडलं नाही तरी.

मालकांनी एक ओळ वाचली आणि म्हणाले, "मग कामगारांचे आईवडील काढूनच टाका. सगळे दावे त्यांचेच दिसतात."

खरंच त्यांचेच होते, आणि तेही बहुतेक गेल्या दोन महिन्यांतले मोतीबिंदूचे. मला त्याचं कोडं पडलं होतं. वणीकडच्या खेड्यांतून आलेल्या या कामगारांच्या आईवडिलांचे डोळे एकदम फेब्रुवारीतच कसे बिघडतील?

त्या दुपारी कँटीनमध्ये वणीकडचा एक मशिन ऑपरेटर माझ्या टेबलाशी आला. पन्नाशीला टेकलेला, भिडस्त माणूस. "मॅडम, आईचा एक डोळा झाला. दुसरा मार्चात उरकता यील का? डॉक्टर म्हणतो शुगर वाढलीय, थांबा."

"मग थांबा की. घाई कसली?"

"आता लय थांबून चालणार नाय. एप्रिलपासून आईबाप काढणार ना? बोर्डावर लागलंय."

मी उठून बोर्डाशी गेले. पर्सोनेलच्या साहेबांनी जानेवारीतच एक नोटीस टाचून ठेवली होती : 'पालकांचे विमा संरक्षण विचाराधीन.' तेवढ्या एका ओळीने अख्ख्या कारखान्यातल्या म्हाताऱ्यांना एस.टी.त बसवून नाशकात आणलं होतं. मला इतका संताप आला की तिथेच साहेबांना ऐकवलं, "दावे कमी करायला निघालात, आणि आवतण धाडून बोलावलेत!" ते बिचारे घाम पुसत राहिले.

विमा कंपनीचा अधिकारी मात्र मुरलेला होता. मी म्हटलं, ही गर्दी एकदाचीच. झालेला मोतीबिंदू त्या डोळ्यात परत होत नाही. तो हसला. "बरोबर. पण मॅडम, माणसाला दुसरा डोळा असतो."

मग मी टिपण पुन्हा लिहायला घेतलं. पालक राहू द्या, पण त्यांच्या दाव्यातला पाचवा हिस्सा कामगाराने सोसावा. मोतीबिंदूला ठरावीक मर्यादा घाला, आणि शहरातल्या डोळ्यांच्या दोन दवाखान्यांशी आधीच दर ठरवा. खोलीच्या भाड्याला मर्यादा. ठरवलेली शस्त्रक्रिया आधी मंजुरी घेऊनच. आणि सगळ्यात आधी तो कागद बोर्डावरून काढा. कंपनीने वाढ सोडली नाही, पण निम्म्यावर आली. मालक तिसऱ्या पानाबद्दल कुरकुरले आणि सही केली.

पालक विम्यात राहणार, हे ऑपरेटरला मी स्वतः जाऊन सांगितलं. त्याने चहा मागवला.

दिवाळीनंतर तो आईला घेऊन गेटवर आला. शुगर आटोक्यात आल्यावर दुसरा डोळाही झाला होता. पाचवा हिस्सा त्याने भरला होता. म्हातारीने मला नागलीच्या पापडांची पिशवी दिली आणि खालपासून वरपर्यंत न्याहाळलं. "तूच का ती? मला वाटलं, कुणी म्हातारी आसंल." मग म्हणाली, "यानं सांगितलं, तू कागद लिव्हला. दाव बरं."

माझ्या बॅगेत टिपणाची प्रत होती. पहिल्याच पानावर तिच्यासारख्या सगळ्यांना मी 'आश्रित पालक' म्हटलं होतं. मला लाज वाटली, तरी कागद दिला. तिने तो हात लांब करून धरला, मग जवळ आणला, एकेका ओळीवरून बोट फिरवलं.

"आई, तुला वाचता कुठं येतं," मुलगा म्हणाला.

"वाचाया नाय येत," ती म्हणाली, "पण लय बारीक हाय, आन् समदं दिसतं."